आजोबांच्या फोटोखालच्या ओळी आजोबांच्याच बोलण्यात कशा याव्यात?

प्रश्न: आमचे आजोबा ८२ वर्षांचे आहेत. दिवाळीत आम्हा नातवंडांबरोबर काढलेला फोटो त्यांना फेसबुकवर टाकायचाय. मला म्हणाले, "तूच लिही दोन ओळी, माझ्या नावानं." मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा ते ग्रीटिंग कार्डासारखं झालं. आजोबा फार सावकाश, शांत बोलतात. ते लिहिण्यात कसं आणायचं? (सांगली)

उत्तर:

तीनदा लिहिण्याआधी एकदा त्यांच्याशेजारी बसला असता तर काम झालं असतं. "तूच लिही" असं सगळेच आजोबा म्हणतात. त्याचा अर्थ "माझ्याकडून लिहून घे" एवढाच धरायचा.

मी सांगलीत एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं फोटोओळी लिहिल्या. "डावीकडून" आणि "याप्रसंगी उपस्थित मान्यवर" हे शब्द मी किती हजार वेळा लिहिले असतील, देव जाणे. निवृत्तीनंतर लोकांचे घरगुती अल्बम, साठी-पंचाहत्तरीच्या पुस्तिका करून देतो. त्यामुळे तुमचं ग्रीटिंग कार्ड कुठून येतं ते मला माहीत आहे, कारण तसली कार्डं मीच भरपूर छापली आहेत.

एक सांगतो. नात्यातल्याच एका काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पुस्तिका माझ्याकडे होती. मुखपृष्ठावर काका आणि पाच नातवंडं. मी खाली काकांच्या तोंडी लिहिलं, "आयुष्याच्या सायंकाळी या कोवळ्या पालवीकडे पाहताना मन कृतार्थतेनं भरून येतं." काकांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा वर केला, परत खाली केला आणि विचारलं, "हे कोण म्हणालंय?" मी म्हटलं, तुम्हीच. ते म्हणाले, "कधी?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तिका तशीच छापली, कारण छापखान्याची तारीख गाठायची होती. पण तो "कधी?" माझ्या डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून माणूस खरोखर जे बोलला नाही ते मी त्याच्या नावावर लिहीत नाही.

तर पहिलं काम बोलतं करण्याचं. फोटो मोबाईलवर दाखवू नका. स्टुडिओतून चार बाय सहाची प्रिंट काढून आणा आणि ती त्यांच्या हातात द्या. मोबाईलवर बोट लागलं की फोटो सरकतो, मोठा होतो, मधेच कुणाचा तरी मेसेज येतो, आणि म्हातारं माणूस फोटो सोडून मोबाईलशी झगडत बसतं. कागद हातात असला की ते तो लांब धरतात, जवळ आणतात, उलटा करून मागं काही लिहिलंय का बघतात. ह्या चाळ्यातच बोलणं सुरू होतं. वेळ दुपारच्या झोपेनंतरची, चहाच्या वेळची. आणि तेव्हा तुमचे बाबा किंवा काका शेजारी नकोत. मुलगा बसला की आजोबांच्या वाटचं तोच बोलतो, आणि आजोबा मान हलवतात. मोबाईलचं रेकॉर्डिंग त्यांना विचारून चालू करा आणि तो पालथा घालून बाजूला ठेवा.

आता विचारायचं काय? "फोटो बघून काय वाटतं?" हे विचारलंत की मेलंच. "काय वाटायचंय, आनंद वाटतो" असंच उत्तर येणार, आणि ते खरंही असतं, पण त्यात तुमचे आजोबा नसतात. फोटोतली एखादी वस्तू शोधा. शक्यतो कडेची, कुणी मुद्दाम न ठेवलेली. हातातली पिशवी, मागची सायकल, सोडलेलं बटण. त्याबद्दल विचारा आणि गप्प बसा. पहिली दोन-तीन वाक्यं ते सभेत बोलल्यासारखी बोलतील, ती येऊ द्यात. ते थांबले की आपण लगेच काही विचारायचं नाही. मनात दहा आकडे मोजायचे. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला ते स्वतःच परत सुरू होतात, आणि तिथून पुढचं बोलणं कामाचं.

हरिपूरच्या एका आजोबांचं काम मी केलं होतं, ते पूर्ण सांगतो. (त्यांना विचारलंय. नावं नको म्हणाले, म्हणून नावं नाहीत.) हे आजोबा मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. आयुष्य हळदीच्या हिशोबात गेलं. फोटोत ते, दोन नाती आणि एक नातू, मागं मोकळी जागा आणि एक बाभूळ. बाकी काही नाही. मी प्रिंट बराच वेळ बघितली तेव्हा दिसलं की आजोबा आणि धाकटा नातू अनवाणी आहेत, आणि दोघी मुलींच्या पायात मात्र सँडल आहेत. मी एवढंच विचारलं, "चपला कुठं गेल्या तुमच्या?"

रेकॉर्डिंगमधलं बोलणं जसंच्या तसं असं आहे:

"हां, तो होय. दिवाळीतला. म्हणजे पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला. पोरं आली होती सगळी पुण्यासनं. दरवर्षी येतात. आणि जेवणं झाली, म्हटलं आता जरा संगमाकडं जाऊन येऊ, तर ही मधली म्हणाली, आजोबा, तुमचं पेव दाखवा. तिला कुणी सांगितलं होतं काय की. आता पेव कुठलं राहिलंय? ते पाणी आलं ना पाचला, त्यात बसलं ते. आमचंच न्हवं, लईजणांची बसली. लई माल गेला बघा तेव्हा. पेवाचं काय असतं, तोंड एवढुसं आणि पोट मोठं, रांजणासारखं. आणि उघडलं म्हणून लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा दोरीनं. विझला की थांबायचं, हवा नाही आत. हिला तर भ्याच वाटायचं पेवाचं, कधी जवळ आली नाही. तर म्हटलं, जागा दाखवतो, चला. आणि तिथं गेलो तर ह्या धाकट्यानं पायताण काढलं. म्हटलं, का रे? तर म्हणाला, देऊळ आहे ना. आता काय सांगायचं त्याला. म्हटलं, असू दे. मग मीपण काढलं. आणि फोटो सूनबाईंनी काढला. त्यांच्या पायात होतं की नव्हतं, ते काय बघितलं नाही. बघायचं राहिलं."

ज्यांना पेव माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथल्या मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची आणि कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली, आणि आता माल गोदामांत आणि शीतगृहांत असतो. म्हणजे त्या फोटोतली मोकळी जागा मोकळी का आहे, हे त्या एका माणसालाच सांगता येत होतं.

ह्या बोलण्यातून मी त्यांना ज्या ओळी करून दिल्या, त्या अशा:

"भाऊबीजेला पोरं आली होती. मधली म्हणाली, आजोबा, तुमचं पेव दाखवा. पेव कुठलं राहिलंय आता, पाचच्या पाण्यात बसलं ते. म्हटलं, जागा दाखवतो, चला. तिथं गेलो तर धाकट्यानं पायताण काढलं. म्हटलं, का रे? तर म्हणाला, देऊळ आहे ना. आता काय सांगायचं त्याला. म्हटलं, असू दे. मग मीपण काढलं. फोटो सूनबाईंनी काढला. त्यांच्या पायात होतं की नव्हतं, ते बघायचं राहिलं."

साठच्या आत शब्द आहेत. ह्यात माझं स्वतःचं वाक्य एकही नाही. एक-दोन जागी त्यांचेच शब्द मागंपुढं जोडले, बाकी मी फक्त काढून टाकलं, आणि काय काढलं हेच शिकण्यासारखं आहे.

कंदिलाची गोष्ट काढताना माझा हात थरथरला. पेपरवाल्याला असली माहिती म्हणजे सोनं. पण ती फोटोत नाही. कंदील आत आला असता तर ओळी पेवाबद्दलच्या लेखाची सुरुवात झाल्या असत्या, आणि पोरं कडेला उभी राहिली असती. ते मी वेगळ्या कागदावर उतरवून घरच्यांना दिलं. तुमच्याही रेकॉर्डिंगमध्ये असं काहीतरी निघेल, ते टाकून देऊ नका, पण फोटोखाली घालू नका. "लई माल गेला" हेही त्याच कारणानं गेलं. "पाचच्या पाण्यात बसलं ते" एवढ्यात सांगलीच्या माणसाला सगळं कळतं, आणि बाहेरच्याला कळलं नाही तरी तो विचारेल.

आजींचं वाक्य मात्र मी माझ्या मनानं काढलं नाही. आजी आता नाहीत. "हिला भ्याच वाटायचं पेवाचं, कधी जवळ आली नाही" हे त्या सगळ्या बोलण्यातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य, आणि कुठल्याही संपादकानं तेच शेवटी टाकलं असतं. मी त्यांना विचारलं, हे ठेवू का? ते थोडा वेळ प्रिंटकडे बघत बसले आणि म्हणाले, "ते राहू दे. ते पोरांचं नाही." विषय संपला. गेलेल्या माणसाचा उल्लेख बोलण्यात सहज येतो, पण तोच छापला की वाचणारा आधी तिथं थांबतो आणि हळहळून खाली "भावपूर्ण" लिहायला लागतो. म्हणून असं वाक्य आलं तर विचारायचं, आणि ते ठेवा म्हणाले तर ओळींच्या मधे कुठंतरी ठेवायचं. शेवटी कधीच नाही.

आता सावकाशपणाचं. लोक तो टिंबांनी आणतात. "पोरं आली... खूप वर्षांनी... मन भरून आलं..." ही टिंबं म्हणजे दम लागलेल्या माणसाचं बोलणं आहे. तुमचे आजोबा दमलेले नाहीत, निवांत आहेत. मराठीत निवांतपणा दोन जागी असतो. एक म्हणजे क्रियापदानंतर मागाहून येणाऱ्या शब्दात. "ते पाचच्या पाण्यात बसलं" हे बातमीचं वाक्य. "पाचच्या पाण्यात बसलं ते" ह्यात माणूस सांगून झाल्यावर क्षणभर मागं वळून बघतो. "काय सांगायचं त्याला" ह्याचंही तेच. दुसरी जागा म्हणजे "म्हटलं" आणि "म्हणाला". शाळेत आपल्याला शिकवलंय की एकच शब्द परत परत वापरू नये. मग आपण एका "म्हटलं"चं "उत्तरलो" करतो, दुसऱ्याचं "सुचवलं". पण म्हातारी माणसं गोष्ट सांगताना "म्हटलं"वरच टेकत टेकत चालतात, काठीवर टेकावं तसं. त्या साठ शब्दांत तीन "म्हटलं" आहेत. एक काढून बघा, आजोबा लगेच घाईत आल्यासारखे वाटतात.

विशेषणांचं वेगळं सांगत नाही. त्या ओळींत धड एक विशेषण नाही, "मधली" आणि "धाकट्यानं" ही तर नावंच आहेत. तुमच्या तीन मसुद्यांतली विशेषणं मोजा म्हणजे झालं.

बोलीचा प्रश्न जरा नाजूक आहे. रेकॉर्डिंगमध्ये "न्हवं", "लई", "पुण्यासनं" आहे. ते सगळं लिहिलं तर आजोबा विनोदी कथेतलं पात्र होतात. वाचणारा शब्दांच्या स्पेलिंगला हसतो आणि मजकूर राहतो बाजूला. मी असं करतो: उच्चार प्रमाण ठेवायचे, पण अनुस्वारासकट, म्हणजे "म्हटलं", "राहिलंय". आणि "म्हणाले" ऐवजी उगाच "उद्गारले" नाही. शब्द मात्र त्यांचेच ठेवायचे. ह्यात मी स्वतः घसरलो होतो. पहिल्यांदा उतरवून घेताना मी "चपला" लिहिलं होतं. मला ऐकूही तसंच आलं होतं, कारण प्रश्नात मीच चपला म्हटलं होतं. ओळी त्यांना वाचायला दिल्या तेव्हा कागदावर "चपला काढल्या" असताना त्यांनी मोठ्यानं वाचलं, "पायताण काढलं." लिहिलेलं ओलांडून. घरी येऊन रेकॉर्डिंग परत ऐकलं, तर तिथंही पायताणच होतं. सांगली-कोल्हापूरकडच्या त्या पिढीच्या तोंडात चपला असतातच कुठं.

म्हणूनच शेवटची तपासणी तुमच्या डोळ्यांनी करू नका. ओळी मोठ्या अक्षरांत कागदावर काढा, मोबाईलवर नको, आणि त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा. ते जिथं अडखळतील तिथं वाक्य तुमचं आहे. जिथं लिहिलेला शब्द बदलून वाचतील तिथं त्यांचा शब्द घ्या, चर्चा करू नका. आणि जिथं वाचता वाचता सूर बदलून भाषण सुरू होईल तिथं तुम्ही चुकून अलंकार घातलाय. नजर अधू असेल तर तुम्ही वाचा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. ज्या वाक्याला ते "हां" म्हणत नाहीत ते काढा. हरिपूरच्या आजोबांनी माझं आणखी एक पकडलं होतं. मी "मग मीही काढलं" लिहिलं होतं. त्यांनी "मीपण" वाचलं.

फेसबुकवर टाकताना दोनच गोष्टी. लांब मजकुराची सुरुवातीची थोडी वाक्यं दिसतात आणि बाकीचा दुमडला जातो. त्याला घाबरून पहिल्या ओळीत काही चमचमीत घालू नका. "भाऊबीजेला पोरं आली होती" ही साधी सुरुवात पुरते, ओळखीची माणसं उघडतातच. दुसरं, नातवंडांची पूर्ण नावं, शाळा, सोसायटी हे काही खाली येऊ देऊ नका. आजोबांच्या बोलण्यात तसंही "थोरली", "मधली", "धाकटा" एवढंच असतं, आणि तेच बरं. हॅशटॅग कशाला हवेत?

पण अल्बममधल्या प्रतीला नावं, गाव आणि तारीख लागतेच, कारण आणखी तीस वर्षांनी "धाकटा" कोण हे कुणाला सांगता येणार नाही. "पाचच्या पाण्यात" हेसुद्धा तेव्हा उलगडून लागेल. ही कोरडी माहिती, अगदी माझ्या जुन्या "डावीकडून" सकट, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोबरोबर ठेवा. फोटोच्या मागच्या बाजूला लिहायला जाऊ नका. हल्लीच्या प्रिंटचा कागद प्लास्टिकचा थर दिलेला असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही, बॉलपेन दाबलं तर पुढच्या बाजूला चेहऱ्यावर वळ उठतो, आणि शाई वाळायच्या आत दुसरा फोटो वर ठेवला की त्याच्यावर डाग. आमच्याकडे एका अल्बममध्ये एका नवऱ्या मुलाच्या गालावर असंच कुणाचं तरी आडनाव उलटं उमटलंय.

तुमच्या फोटोत काय आहे ते मला माहीत नाही, पण कडेला काहीतरी असेलच. प्रिंट आणा, आधी एकट्यानं पाच मिनिटं बघा, आणि त्या एकाच गोष्टीबद्दल विचारा. पहिल्या दिवशी काही निघालं नाही तर प्रिंट त्यांच्या उशाशी ठेवून या. दुसऱ्या दिवशी बहुतेक तेच हाक मारतात.

हरिपूरच्या ओळी टाकल्या त्या संध्याकाळी खाली पहिली कॉमेंट सूनबाईंचीच आली, "मीपण काढलं होतं, बाबा." आजोबांनी त्यावर काही लिहिलं नाही. मला फोन केला आणि विचारलं, आता ती शेवटची ओळ बदलायची का? मी म्हटलं, तुम्ही सांगा. म्हणाले, "नको. मी बघितलं नव्हतं, हे तर खरंच आहे."